जीएसटीतली विक्री एक, इन्कम टॅक्स रिटर्नमधली दुसरी: नोटीस आली तर काय करायचे

खते, औषधे आणि बियाणे विकणाऱ्या आमच्या कृषी सेवा केंद्रवाल्या ग्राहकांसाठी

"तुमची जीएसटीतली उलाढाल रिटर्नमधल्या उलाढालीपेक्षा जास्त आहे" असा मेसेज किंवा नोटीस आली की मोंढ्यातून फोन सुरू होतात. सगळ्यांना एकच धास्ती असते, की फरकाच्या सगळ्या रकमेवर टॅक्स बसणार. तसे नसते. तुमच्या जीएसटीआर-३बी मधले आकडे एआयएस मध्ये, म्हणजे इन्कम टॅक्स खात्याकडे तुमच्याबद्दल जमा झालेल्या माहितीच्या पत्रकात दिसतात. ते इन्कम टॅक्स रिटर्नशी जुळले नाहीत तर हे खाते कारण विचारते, आणि फरकाचे कारण कागदासह सांगता आले तर बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो.

आधी ३बी चे बारा महिन्यांचे आकडे एकाखाली एक मांडा. खते-औषधांची करपात्र विक्री 3.1(a) मध्ये असते आणि करमुक्त बियाणे 3.1(c) मध्ये. 3.1(d) मध्ये ट्रान्सपोर्टच्या भाड्यासारखा, तुम्ही स्वतः कर भरलेला खर्च येतो. ती तुमची विक्री नाही, म्हणून तो आकडा बेरजेत घेऊ नका. सगळे आकडे जीएसटी वगळून धरायचे.

एक नमुना पाहू. एका दुकानाच्या 3.1(a) मध्ये ९६,४०,००० आणि 3.1(c) मध्ये ३१,२०,००० रुपये आहेत, म्हणजे एकूण १,२७,६०,०००. रिटर्नमध्ये मात्र १,१८,४०,००० दाखवले. फरक ९,२०,००० रुपयांचा.

त्यातले ६०,००० जुन्या जनरेटरच्या विक्रीचे. त्यावर जीएसटी भरला म्हणून ३बी मध्ये आले, पण ती मालमत्तेची विक्री आहे, धंद्याची उलाढाल नाही. २,१०,००० चे बियाणे शेतकऱ्यांनी पाकीट न फोडता परत आणले होते. वहीत ते वजा झाले, ३बी मध्ये वजा करायचे राहिले. १,५०,००० चे मार्चचे बिल एप्रिलच्या ३बी मध्ये गेले, पण ते मागच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये आधीच आलेले आहे. या तिन्हींसाठी अनुक्रमे विक्रीचे बिल, क्रेडिट नोटा आणि मागच्या वर्षीचा विक्री उतारा जोडला की ४,२०,००० चा हिशेब लागतो.

उरले ५,००,०००, आणि खरी अडचण इथेच आहे. ही जूनमधली उधारीची बिले. सोयाबीन-कापूस विकून पैसे येतील म्हणून मालकाने रिटर्नसाठी आकडा सांगताना फक्त जमा झालेली रक्कम धरली. जीएसटीत मात्र बिलाच्या तारखेलाच विक्री दाखवली होती, आणि दुकानाची वहीही त्याच पद्धतीने लिहिलेली आहे. सगळ्यात जास्त वेळ याच चुकीत जातो, कारण बँक उताऱ्यावरून ही बिले सापडत नाहीत. एकेक बिल शोधावे लागते.

इथे कारण शोधत बसू नका, विक्री राहिली हे मान्य करा. अंदाजित नफ्याच्या योजनेत असाल तर या पाच लाखांवर ८ टक्क्यांनी ४०,००० रुपये उत्पन्न वाढते. त्यातले पैसे रिटर्नच्या मुदतीपर्यंत बँकेतून आले असतील तर तेवढ्यावर ६ टक्केच. मुदत असेल तर सुधारित रिटर्न भरता येते. मुदत संपली असेल तर अद्ययावत रिटर्नचा मार्ग असतो, पण त्यात जादा कर लागतो आणि काही अवस्थांत तो मार्ग बंद होतो, म्हणून उशीर परवडत नाही.

दोन गोष्टी करू नका. एआयएस मध्ये "माहिती चुकीची आहे" असे पुराव्याशिवाय नोंदवू नका. आणि नुसता आकडा जुळावा म्हणून जनरेटरही विक्रीत घालू नका, त्यावर नसलेला नफा धरला जातो.

उलटही घडते. बिलिंग सॉफ्टवेअरमधला करासह एकूण आकडा रिटर्नमध्ये गेला की इन्कम टॅक्सची उलाढाल मोठी दिसते, आणि जीएसटी खात्याकडून फरकाचा खुलासा मागणारी एएसएमटी-१० ही नोटीस येऊ शकते. त्याचे उत्तर एएसएमटी-११ मध्ये द्यायचे, आणि त्यालाही हाच ताळमेळ लागतो.

आम्ही रिटर्न भरण्याआधी बिलबुक आणि ३बी मागतो, फोनवरचा आकडा घेत नाही, याचा काही जणांना राग येतो. पण फोनवरचा आकडा जवळपास नेहमी जमा रकमेचा असतो. ताळमेळाचा तक्ता आम्ही रिटर्नसोबतच करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. नोटीस आल्यानंतर करायचा झाला तर बिले शोधण्याच्या कामाप्रमाणे शुल्क लागते.

नोटीस आली असेल तर पहिल्या पानाचा फोटो त्याच दिवशी पाठवा. उत्तराची मुदत त्यातच लिहिलेली असते. येताना वर्षभराची ३बी, विक्री रजिस्टर, क्रेडिट नोटा आणि उधारीची वही आणा. उधारीची वही विसरू नका.