रडार ते एडीएस-बी: विमानाची जागा कोण सांगतं?

मुंबईत किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या रडारपासून जळगाव सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटरवर पडतं. रेडिओलहरी जवळपास सरळ जातात, जमीन मात्र वाकत जाते. त्यामुळे अशा रडारला जळगाववर सहा-सात किलोमीटर उंचीच्या खालचं काहीच दिसू शकत नाही, आणि सह्याद्रीची आडकाठी तर यात धरलेलीच नाही. आपल्या डोक्यावरून जाणारी जेट विमानं दहा-अकरा किलोमीटरवर असतात म्हणून ती सापडतात. शिरपूरच्या धावपट्टीवरून उडालेलं शिकाऊ विमान सापडणार नाही. विमानाने आपली जागा स्वतःच जाहीर करायची एडीएस-बी ही पद्धत कशातून आली हे समजायला ही अडचण आधी लक्षात घ्यावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात वाढलेलं रडार हे प्रतिध्वनीवर चालायचं. लहर सोडायची, विमानावर आपटून ती परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, त्यावरून अंतर काढायचं आणि अँटेना कुठे वळलेली होती त्यावरून दिशा. यालाच प्रायमरी रडार म्हणतात. विमानाने काहीच करायची गरज नसते, हे त्याचं बळ. पण नेहमीच्या प्रायमरी रडारच्या पडद्यावर ठिपका उमटतो तो बिननावाचा आणि बिनउंचीचा.

ही उणीव किती जीवघेणी ठरू शकते हे आपल्या देशाने पाहिलं आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दिल्लीहून उडालेलं सौदी विमान आणि दिल्लीत उतरायला येणारं कझाक विमान समोरासमोर धडकलं. ३४९ माणसं गेली. सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, कझाक विमानाला १५,००० वर. कझाक विमान त्याच्याही खाली आलं. चौकशीत दोष त्याच्या चालकदलावर ठेवला गेला. पण तेव्हा दिल्लीच्या नियंत्रकासमोर प्रायमरी रडारच होतं. दोन ठिपके जवळ येताना त्याला दिसत होते. त्यांच्यामधलं हजार फुटांचं अंतर संपलं आहे, हे कळायला वैमानिकाच्या तोंडच्या शब्दाशिवाय त्याच्याकडे काहीच नव्हतं.

यावरचा उपाय, म्हणजे सेकंडरी रडार, जगात त्याआधीच वापरात होता. त्याचं मूळही युद्धात, आपलं विमान आणि शत्रूचं विमान ओळखण्याच्या गरजेत. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो आणि विमानातला ट्रान्सपॉण्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो: आधी नुसता चार अंकी कोड, पुढे उंचीही. म्हणजे उंची विमानानेच सांगायची. अंतर आणि दिशा मात्र अजूनही रडारच मोजत होतं, आणि खरी मर्यादा तिथेच राहिली. लांब पल्ल्याच्या रडारची अँटेना एक फेरी साधारण दहा-बारा सेकंदांत पूर्ण करते. ताशी ९०० किलोमीटरने जाणारं विमान दहा सेकंदांत अडीच किलोमीटर पुढे सरकतं. दिशा मोजताना एक दशांश अंशाची चूक झाली, तर ३५० किलोमीटरवर ती सहाशे मीटरची होते. विमान जितकं लांब, तितका ठिपका सैल.

पुढचं पाऊल अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत पडलं. १९७० च्या दशकात तिथे सेकंडरी रडारच्या प्रश्नोत्तरांची मोड-एस ही नवी तऱ्हा आकाराला आली. प्रत्येक विमानाला २४ बिटांचा स्वतःचा कायमचा पत्ता मिळाला, म्हणजे एकेकट्याला हाक मारता येऊ लागली. पण हाक मारायची तर तो पत्ता आधी माहीत हवा. विमानातल्या टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेला शेजारच्या विमानाचा पत्ता कळावा म्हणून ट्रान्सपॉण्डर दर सेकंदाला कोणी न विचारता आपला पत्ता उच्चारू लागला. या छोट्या संदेशाला स्क्विटर म्हणतात. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं खरं वळण हेच आहे. एकदा विमान आपणहून बोलू लागलं की त्या संदेशात आणखी काय घालता येईल, एवढाच प्रश्न उरतो.

जीपीएस आल्यावर उत्तर समोरच होतं. १९९० च्या दशकात ५६ बिटांचा स्क्विटर ११२ बिटांचा झाला आणि त्यात विमानाने स्वतः काढलेली जागा बसवली गेली. हीच एडीएस-बी. लहर तीच, १०९० मेगाहर्ट्झची. फिरणारी अँटेना नाही, प्रश्न नाही. विमान सेकंदाला साधारण दोनदा आपली जागा जाहीर करतं आणि आवाक्यातला कोणताही रिसीव्हर ती ऐकतो.

११२ बिटांत पत्ता, उंची आणि चुका पकडण्याचे आकडे घातल्यावर अक्षांशाला उरतात १७ बिट. अख्ख्या पृथ्वीचा अक्षांश त्यात मांडला तर बारकावा शेकडो मीटरांचा होईल. म्हणून युक्ती केली आहे. विमान जागेचे संदेश आलटून पालटून दोन तऱ्हांनी पाठवतं, एक सम आणि एक विषम. सम संदेशासाठी ३६० अंशांचे ६० पट्टे करतात, विषम संदेशासाठी ५९, आणि विमान पट्ट्याचा क्रमांक न सांगता पट्ट्यात आपण किती आत आहोत एवढंच सांगतं. त्यामुळे बारकावा पाच मीटरांवर येतो.

जळगावचंच उदाहरण घेऊ, अक्षांश २१. सम पट्टा सहा अंशांचा, म्हणजे विमान १८ ते २४ या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर आहे. संदेशात येतं ०.५. पण ०.५ हे ३, ९, १५ किंवा २७ अंशांवरही आलं असतं. विषम पट्टा ६.१०१७ अंशांचा, त्यात २१ अंशांची जागा ०.४४१७ येते. आता रिसीव्हर ५९ गुणिले ०.५ मधून ६० गुणिले ०.४४१७ वजा करतो: २९.५ वजा २६.५, उत्तर ३. पट्टे शून्यापासून मोजतात, म्हणून तीन क्रमांकाचा पट्टा १८ अंशांवर सुरू होतो. त्यात सहाचा निम्मा मिळवला की २१. म्हणूनच गच्चीवर स्वस्त यूएसबी रिसीव्हर आणि सात सेंटिमीटरची तार लावून ऐकणाऱ्यालाही विमानाचा पत्ता आणि उंची आधी दिसते, नकाशावर ते सम-विषम जोडी जमल्यावरच उमटतं.

या पद्धतीची उणीव तिच्या बळातच आहे. रडार जागा मोजतं, एडीएस-बी ती ऐकून घेते. विमानातल्या जीपीएसला कोणी खोट्या लहरींनी फसवलं, तर विमान चुकीची जागा तितक्याच ठामपणे सांगत राहतं. जीपीएस नुसतं जाम झालं तर निदान कळतं, कारण आपल्या जागेवर किती भरवसा ठेवावा याचा आकडाही विमान पाठवतं आणि तो घसरत शून्यावर येतो. फसवणुकीत मात्र हा आकडा चांगलाही राहू शकतो.

ती पकडायची तर संदेशात काय लिहिलं आहे ते बाजूला ठेवून तो केव्हा पोचला हे पाहावं लागतं. समजा धुळ्यात आणि जळगावात एकेक रिसीव्हर आहे, दोघांची घड्याळं नीट जुळलेली आहेत आणि विमान म्हणतं की मी पारोळ्याच्या वर आहे. पारोळा धुळ्याला साधारण बारा किलोमीटरने जवळ, म्हणून संदेश धुळ्यात सुमारे ४० मायक्रोसेकंद आधी पोचला पाहिजे. तो जळगावात आधी पोचला, तर विमान पारोळ्यावर नाही हे नक्की. ते नेमकं कुठे आहे हे काढायला असे चार रिसीव्हर लागतात. जिथे ते नाहीत, तिथे सांगितलेली जागा पडताळायला नियंत्रकाला आजही रडारच लागतं.