sin 75° आणि cos 75°: अधिक कुठे, उणे कुठे

माझी भाची अकरावीला आहे. रविवारी सकाळी पोहे झाले की ती गणिताची वही घेऊन आमच्याकडे लोकमान्यनगरला येते. इंदूरच्या शाळेत तिचं सगळं शिक्षण हिंदी-इंग्रजीत चालतं, शंका मात्र ती मराठीत विचारते. परवाच्या वहीत तिने cos 75° ची किंमत (√6 + √2)/4 काढली होती. गुणाकार सगळे बरोबर होते, चुकलं होतं ते फक्त मधलं चिन्ह.

"मामा, साइनला अधिक आणि कॉसला उणे हे मी रात्री पाठ करते आणि सकाळी उलटं लिहिते."

ती म्हणते ते खरं आहे. ही दोन सूत्रं शेजारी ठेवली की पाठांतराला फार काळ दाद देत नाहीत:

sin(A + B) = sin A cos B + cos A sin B
cos(A + B) = cos A cos B − sin A sin B

एकात साइन-कॉस अशा मिश्र जोड्या आहेत, दुसऱ्यात कॉस-कॉस आणि साइन-साइन अशा सारख्या. एकात अधिक, एकात उणे. माझ्या मते ही दोन सूत्रं वेगवेगळी शिकवणं हीच मूळ चूक. ती एकाच आकृतीतली दोन मापं आहेत: एक उंची आणि एक आडवं अंतर.

कंपासपेटीतले दोन गुण्ये घ्या, म्हणजे शाळेत ज्यांना सेट स्क्वेअर म्हणतात ते. एकाचा 45° चा कोन आणि त्यावर दुसऱ्याचा 30° चा कोन ठेवला की 75° होतात. पण पेटीतल्या गुण्यांच्या बाजू सहसा एकमेकींना जुळत नाहीत, म्हणून आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यातून दोन काटकोन त्रिकोण कापले. पहिल्यात 30° चा कोन, कर्ण 20 सेंटीमीटर, उरलेल्या बाजू 17.3 आणि 10. दुसऱ्यात 45° चा कोन, कर्ण बरोबर 17.3, आणि उरलेल्या दोन्ही बाजू 12.25.

दुसरा त्रिकोण टेबलाच्या कडेवर उभा धरला. डावीकडचं टोक O, तिथून कर्ण उजवीकडे चढत जातो तो Q पर्यंत. या चढावर पहिल्या त्रिकोणाची 17.3 ची बाजू चिकटवली, 30° चा कोन O पाशी ठेवून. वरचं टोक P. आता OP ही 20 सेंटीमीटरची रेघ टेबलाशी 75° चा कोन करते. भाचीने पट्टी लावली: P ची टेबलापासून उंची जेमतेम 19.3, आणि P च्या खालचा बिंदू O पासून 5.2 वर.

ही मापं कशी तयार झाली, ते P पर्यंत चालत जाऊन पाहू. O पासून Q पर्यंत चढलो की 12.25 वर गेलो आणि 12.25 उजवीकडे. Q पासून P पर्यंतची 10 ची बाजू चढाला काटकोनात आहे. चढ टेबलापासून 45° कलला आहे, म्हणून ही बाजूही उभ्या रेषेपासून 45° कलते, आणि कलते डावीकडे. तिच्या 10 सेंटीमीटरांतून 7.07 वर जातात आणि 7.07 मागे. म्हणून उंची 12.25 + 7.07 = 19.32, आणि आडवं अंतर 12.25 − 7.07 = 5.18. सूत्रातला उणे म्हणजे हे मागे येणं. वर चढताना काही कमी होत नाही, म्हणून साइनला अधिक.

45° ला साइन आणि कॉस सारखेच असल्यामुळे कोणता 7.07 कोणाचा हे इथे दिसत नाही. म्हणून आता अक्षरं घेऊ. OP = 1, खालचा कोन A, वरचा B. मग OQ = cos B आणि QP = sin B. Q ची उंची sin A cos B, आणि उजवीकडचं अंतर cos A cos B. QP उभ्या रेषेशी A कोन करते, त्यामुळे ती वर जाते cos A sin B आणि मागे येते sin A sin B. उंच्यांची बेरीज केली की sin(A + B) मिळतो, अंतरांची वजाबाकी केली की cos(A + B).

साइनची ही आडवीतिडवी जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत ज्योत्पत्तीचा भाग आहे. त्यात हीच रीत शब्दांत सांगितली आहे: दोन चापांच्या ज्या, म्हणजे साइन, एकमेकांच्या कोटिज्यांनी, म्हणजे कॉसनी, गुणाव्या, त्रिज्येने भागाव्या आणि बेरीज घ्यावी. त्यांची ज्या म्हणजे गुणोत्तर नव्हे, लांबी, म्हणून भागाकार लागतो. आमच्या पुठ्ठ्यात ती त्रिज्या म्हणजे 20: 19.32 ÷ 20 = 0.966.

आता दशांश सोडून अचूक किंमत काढू. A = 45°, B = 30°:

sin 75° = (√2/2)(√3/2) + (√2/2)(1/2) = (√6 + √2)/4
cos 75° = (√2/2)(√3/2) − (√2/2)(1/2) = (√6 − √2)/4

दुसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं तर 0.966 येतं, आणि ही चूक लपून राहते, कारण ती किंमत खरोखरच एका कोनाची आहे: cos 15° ची, म्हणजे cos(A − B) ची. sin 75° ऐवजी sin 45° + sin 30° केलं, तर 1.207 येतं. साइन 1 च्या वर जात नाही, त्यामुळे ती चूक लगेच पकडली जाते. चिन्हाची चूक अशी ओरडून सांगत नाही. बरीच मुलं वर्ग करून बेरीज 1 येते का ते बघतात. ते करावं, पण साइन आणि कॉसच्या किमतींची अदलाबदल झाली तरी बेरीज 1 च येते. म्हणून मी भाचीला आकार बघायला सांगतो: 75° चा कोन 45° पेक्षा जास्त ताठ आहे, तेव्हा त्याचा कॉस 0.707 पेक्षा लहानच हवा. 0.966 आलं की थांबायचं.

पुठ्ठ्याची सिद्धता दोन्ही कोन आणि त्यांची बेरीजही 90° पेक्षा कमी असेल तिथपर्यंतच, जशीच्या तशी चालते. पुस्तकात वर्तुळावरच्या बिंदूंमधलं अंतर घेऊन आधी कॉसचं सूत्र काढतात, ते यासाठी की ते कोणत्याही कोनाला लागू पडतं. पण 90° ओलांडलं की काय होतं, हे पुठ्ठाही दाखवतो. A = 60°, B = 45° घेऊन OP पुन्हा 20 ठेवली, तर OQ आणि QP दोन्ही 14.14 येतात. Q पर्यंत 12.25 वर आणि 7.07 उजवीकडे. तिथून P पर्यंत 7.07 वर आणि 12.25 मागे. उंची तीच, 19.32. पुढे गेलो त्यापेक्षा मागे जास्त आलो, म्हणून P आता O च्या डावीकडे 5.18 वर लोंबतो. cos 105° = (√2 − √6)/4, आणि त्या किमतीचं ऋण चिन्ह भाचीने यावेळी पट्टी O च्या दुसऱ्या बाजूला सरकवून लिहिलं.