सावली टेबलावर पडते, प्रतिबिंब टेबलाखाली दिसतं

पांढऱ्या पडद्यासमोर टिपलेला बाटलीचा फोटो फोटोशॉपमध्ये कापून चकचकीत टेबलाच्या फोटोवर ठेवला की ती हमखास तरंगते. मग कोणीतरी खाली काळपट धूसर डाग टाकतं, किंवा तोच फोटो उलटा करून फिका करतं, आणि दोन्हीला सरसकट ‘शॅडो’ म्हणून मोकळं होतं. पण यातला डाग म्हणजे सावली आणि उलटा फोटो म्हणजे प्रतिबिंब. दोन्ही बुडाशी सुरू होतात, दोन्ही लांब जाताना विरत जातात, आणि गडद वस्तूचं पांढऱ्या टेबलावरचं प्रतिबिंब तर सावलीसारखंच दिसतं. गोंधळ होतो तो इथेच.

ओळखायची साधी खूण अशी. लाइट हलवला की सावली सरकते, प्रतिबिंब जागचं हलत नाही. कॅमेरा वर-खाली केला की उलटं होतं: प्रतिबिंब बदलतं, सावली टेबलावर होती तिथेच राहते. सावली लाइटच्या विरुद्ध दिशेला, कुठेही तिरकी जाऊ शकते. उभ्या बाटलीचं प्रतिबिंब मात्र फोटोत सरळ खालीच उतरतं. तिरकं गेलेलं प्रतिबिंब दिसलं तर कोणीतरी सावलीचे नियम त्याला लावलेत असं समजा.

टेबल कसलं आहे यावर कोणाला किती काम द्यायचं ते ठरतं. सावली म्हणजे पृष्ठभागाने विखुरलेल्या प्रकाशातली घट. काळ्या अ‍ॅक्रिलिकवर विखुरणारा प्रकाश जवळपास नसतोच, त्यामुळे तिथे Multiply या खालचा थर गडद करणाऱ्या ब्लेंड मोडमधली सावली कितीही गडद करा, काळ्यावर काळंच. तिथे बाटली टेकवायचं काम एकट्या प्रतिबिंबाचं. कोऱ्या मॅट कागदावर नेमकं उलट, सगळा भार सावलीवर. चकचकीत पांढऱ्या टेबलावर दोघंही लागतात, म्हणून सर्वांत जास्त चुकाही तिथेच होतात.

आता एक उदाहरण घेऊ. कोकम आगळाची गोल काचेची बाटली, चकचकीत पांढरं अ‍ॅक्रिलिक, मागेही पांढरा पडदा. कॅमेरा टेबलाच्या पातळीपेक्षा साधारण 15 अंश वर, सॉफ्टबॉक्स डावीकडे मागे. फोटोत बाटली 1400 पिक्सेल उंच आणि बूड 400 पिक्सेल रुंद धरू.

आधी टेकणीची सावली. बूड आणि टेबल यांच्यातल्या फटीत प्रकाश शिरत नाही, त्यामुळे सर्वांत गडद रेघ तिथेच असते आणि ती फार बारीक असते. काचेच्या बाटलीची कड खाली गोलावलेली असते, म्हणजे खरी टेकण बाहेरच्या रेषेच्या थोडी आत आहे. म्हणून ही रेघ बाटलीच्या लेयरखाली काढा आणि बाहेर जेमतेम डोकावू द्या: 3 ते 4 पिक्सेलचा Gaussian Blur, Multiply, 60 ते 70 टक्के. तिच्याखाली दुसरा, 20 पिक्सेलच्या आसपास ब्लर केलेला पट्टा, 25 टक्क्यांपर्यंत. तिसरा थर पडछायेचा, तो उजवीकडे पुढे जाणारा, लांब जाताना अधिक मऊ होणारा आणि 10 ते 15 टक्क्यांपुढे न जाणारा. एकाच मोठ्या ब्लरमध्ये हे तिन्ही उरकायला गेलात तर बाटली धुक्यावर बसल्यासारखी दिसते. डाग आहे, पण टेकण नाही.

सावलीचा रंगही निव्वळ करडा ठेवू नका. आगळातून गेलेला प्रकाश लाल होऊनच टेबलावर पडतो, त्यामुळे पडछायेच्या मध्यभागी लालसर उजेड येतो. टेकणीची रेघ मात्र गडद तपकिरीच राहते. एवढी एक गोष्ट केली की काच काचेसारखी वाटू लागते.

आता प्रतिबिंब. फोटो Flip Vertical करून बुडाला चिकटवला की मधोमध टेकतो आणि दोन्ही बाजूंना फट उघडते. कारण कॅमेरा वरून पाहतोय, त्यामुळे बुडाची पुढची कड मध्यभागी खाली झुकलेली असते. 15 अंशांवर आणि 400 पिक्सेल रुंदीला हा झुकाव सुमारे 52 पिक्सेल येतो. उलट्या फोटोत तोच झुकाव वर उठतो, आणि कडांना फट पडते ती दुप्पट, 104 पिक्सेलची. बरेच जण ती फट सावलीने बुजवतात. मला तो चुकीचा इलाज वाटतो, कारण लेबल चुगली करतंच. खऱ्या प्रतिबिंबातही लेबलाच्या कडा खालीच झुकलेल्या असतात, उलट्या फोटोत त्या वर वाकतात. उपाय Warp: मधला भाग जागेवर ठेवून दोन्ही बाजू तेवढ्याच वर ओढा, म्हणजे दोन्ही कडा एकमेकींवर नेमक्या बसतात. झाकणाचा वरचा भागही प्रतिबिंबात दिसता कामा नये, कारण प्रतिबिंब बाटलीला खालून बघतं. तिथवर ते विरलेलं असेल तर प्रश्नच मिटला.

किती गडद ठेवायचं? काच किंवा अ‍ॅक्रिलिक सरळ वरून पाहिलं तर साधारण 4 टक्के प्रकाश परावर्तित करतं. कॅमेरा 30 अंश वर असेल तर 9 टक्के, 15 अंशांवर आल्यावर सुमारे 25. म्हणजे वरून घेतलेल्या फोटोत ठसठशीत प्रतिबिंब टाकणं खोटंच. पण हे 25 टक्के Opacity मध्ये तसेच भरू नका. ते प्रकाशाचे टक्के आहेत आणि फोटोशॉप सर्वसाधारणपणे गॅमा लावलेल्या, म्हणजे गडद छटा उजळवून साठवलेल्या आकड्यांवर मिश्रण करतं. काळ्या अ‍ॅक्रिलिकवर त्यासाठी Opacity 50 च्या जरा वर जाते, तर पांढऱ्यावर गडद बाटलीला 12 च्या आसपास पुरते. पांढऱ्यावर प्रतिबिंब फिकं ठेवावं असं जे कारागीर अंदाजाने करतात, त्यामागे हा हिशोब आहे.

विरण्याची कारणंही दोघांची वेगळी. सावली मऊ होते ती लाइटच्या आकारामुळे. प्रतिबिंब धूसर होतं ते पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे, बुडाशी तीक्ष्ण आणि लांब जाताना अधिकाधिक पसरट. म्हणून नुसता ग्रेडियंट मास्क पुरत नाही. त्याच लेयरची ब्लर केलेली प्रत घेऊन ती खालच्या टोकाकडे हळूहळू उघडा. आरशासारख्या पॉलिशवर हा ब्लर जवळपास शून्य ठेवावा लागतो. आणि टेबल पारदर्शक काचेचं असेल तर वरच्या आणि खालच्या अशा दोन पृष्ठभागांवरून दोन प्रतिबिंबं येतात, किंचित सरकलेली. कॅटलॉगच्या फोटोंसाठी काळं अ‍ॅक्रिलिक हाताशी ठेवतात ते याचसाठी.

उरला लेयरचा क्रम. टेबल, त्यावर सावल्या, त्यावर प्रतिबिंब, सगळ्यात वर बाटली. सावली टेबलाचा विखुरलेला प्रकाश कमी करते, परावर्तित प्रकाशाला हात लावत नाही. त्यामुळे पडछाया जिथे प्रतिबिंबाला ओलांडते, तिथे प्रतिबिंब झाकलं न जाता उलट जास्त स्पष्ट दिसतं. आपल्या बाटलीत हे उजवीकडे पुढच्या बाजूला घडेल. तिथे मास्क थोडा मोकळा करून 4-5 टक्क्यांनी प्रतिबिंब वाढवा. अपवाद टेकणीच्या बारीक रेघेचा. त्या फटीचंही प्रतिबिंब पडतं, म्हणून ती रेघ प्रतिबिंबाच्या वरही पुसटशी दिसली पाहिजे. तिची एक प्रत प्रतिबिंबाच्या वर, 30 टक्क्यांवर ठेवली की बूड टेबलाला चिकटतं.