कॅमेऱ्याचं घड्याळ: आधी झोन, मग वेळ
परदेश सहलीला निघणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात सहलीचे अल्बम तयार होतात. हल्ली बरेच जण फोटोंसोबत प्रवासाचा नकाशाही छापून मागतात: कुठला फोटो कुठल्या वळणावर काढला, ते दाखवणारा. त्यासाठी फोनमधल्या एखाद्या अ‍ॅपवर दिवसभराच्या वाटचालीची नोंद, म्हणजे जीपीएक्स लॉग, चालू ठेवलेली असते आणि नंतर फोटोची वेळ लॉगमधल्या वेळेशी जुळवून जागा काढली जाते. फोटो सुंदर असतात, लॉगही ठीक असतो; घोटाळा होतो तो कॅमेऱ्याच्या घड्याळात. तो टाळायला घरून निघण्यापूर्वी पाच मिनिटं पुरतात, म्हणून हे पत्रक.

घड्याळ बरोबर, झोन चूक

कॅमेरा फोटोमध्ये वेळ लिहितो, ती घड्याळात दिसते तशीच. ती वेळ कोल्हापूरची की झुरिकची, हे पूर्वी फोटोत लिहिलंच जात नसे. कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये जी माहिती लिहून ठेवतो तिला एक्झिफ म्हणतात; 2016 मध्ये एक्झिफच्या नियमांत त्यासाठी वेगळी जागा आली, आणि त्यानंतरचे बरेच कॅमेरे वेळेच्या जोडीला `+05:30` असा फरकही लिहितात. हा फरक जागतिक वेळेपासूनचा, म्हणजे यूटीसीपासूनचा. फोनचा लॉग मात्र पहिल्यापासून यूटीसीतच असतो. त्यातली एक नोंद अशी दिसते:

```
<time>2025-10-25T07:32:00Z</time>
```

शेवटचा `Z` म्हणजे यूटीसी. ही नोंद दुपारी 1 वाजून 2 मिनिटांची, भारतीय घड्याळाप्रमाणे.

आता गंमत बघा. नवा कॅमेरा पहिल्यांदा चालू केला की तो आधी टाइम झोन विचारतो. यादीत बहुतेक वेळा लंडन किंवा न्यूयॉर्क आधीच निवडलेलं असतं. आपण घाईत `OK` दाबतो आणि पुढच्या पानावर भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ भरतो. कॅमेरा वेळ बरोबर दाखवतो, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं कुणाला काही कळत नाही. प्रत्यक्षात त्या कॅमेऱ्याच्या लेखी आपण लंडनमध्ये बसलोय, आणि तो फोटोवर भारतीय वेळ घालून शेजारी `+00:00` लिहितोय. लॉगशी जुळवताना असा प्रत्येक फोटो साडेपाच तास पुढे सरकतो.

म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आधी `Time Zone` बघा. भारतासाठी यादीत दिल्लीचं नाव असतं आणि शेजारी +5:30. काठमांडू निवडू नका, ते +5:45 आहे. झोन बरोबर केल्यावर घड्याळाची वेळ आपोआप बदलेल. मग ती फोनच्या घड्याळाशी सेकंदासकट जुळवून घ्या. हा क्रम उलटा करू नका.

खात्री करायला रंकाळ्याला एक फेरी मारा. फोनवर लॉग चालू ठेवा, संध्यामठाजवळ आणि शालिनी पॅलेससमोर फोटो काढा, घरी आल्यावर नकाशावर बघा. पण एवढ्यावर विसंबू नका. काही प्रोग्राम फोटोतला झोन वाचतच नाहीत, संगणकाचाच झोन धरतात. संगणक कोल्हापुरात आहे, त्यामुळे झोन चुकला असला तरी फोटो रंकाळ्यावरच पडतात, आणि चूक परदेशातून आल्यावर उघडी पडते. खरी तपासणी फोटोच्या आत बघून होते. एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम असेल तर:

```
exiftool -DateTimeOriginal -OffsetTimeOriginal IMG_0412.JPG
```

दुसऱ्या ओळीत `+05:30` आलं तर ठीक. ओळच आली नाही, तर तुमचा कॅमेरा झोन लिहीत नाही. त्याने काही बिघडत नाही, पण ते आधी माहीत असलेलं बरं.

पोहोचल्यावर काय बदलायचं?

कॅमेरा झोन लिहीत असेल तर विमानातून उतरल्यावर फक्त झोन बदला, घड्याळाला हात लावू नका. युरोपात असाल तर सोबत उन्हाळी वेळेची खूण (`DST` किंवा `Summer Time`) तपासा. ही खूण बऱ्याच कॅमेऱ्यांत स्वतःहून बदलत नाही.

झोन नसलेला जुना कॅमेरा असेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: पूर्ण सहलभर भारतीय वेळच ठेवा. भारताची वेळ वर्षभर यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असते, त्यामुळे लॉगशी जुळणी एका झटक्यात होते. एक त्रास मात्र आहे. युरोपात उन्हाळी वेळ असताना रात्री साडेआठनंतरचे फोटो दुसऱ्या दिवसाच्या तारखेत जातात. पण ते घरी आल्यावर एकदमच दुरुस्त करता येतं. सहलीच्या मध्येच काटे फिरवलेत तर कुठले फोटो आधीचे, कुठले नंतरचे, हे शोधताना आमचे आणि तुमचे दोघांचेही डोळे दुखतात.

एक खरं काम, आकड्यांसकट

एक कुटुंब 2025 च्या दिवाळीत स्वित्झर्लंडला गेलं होतं, 22 ते 29 ऑक्टोबर. फोनवर लॉग रोज चालू. थोरल्या भावाकडे नवा मिररलेस कॅमेरा, त्यात वर सांगितलेला लंडनचा झोन आणि भारतीय वेळ. वहिनींकडे जुना छोटा कॅमेरा, झोनविना, भारतीय वेळेवर.

झुरिकला उतरल्यावर भावाने यादीतून पॅरिस निवडलं, कारण दोन्हीकडे वेळ एकच असते. ते बरोबर होतं. पण मुळात झोन लंडनचा असल्याने घड्याळ एक तास पुढे गेलं, आणि सकाळी साडेनऊला कॅमेऱ्यात दुपारचे 2 वाजले. मग त्यांनी काटे हाताने साडेनऊवर आणले. उन्हाळी वेळेची खूण बंदच राहिली. परिणामी फोटोत वेळ स्थानिक, बरोबर; शेजारी मात्र `+01:00`, जे त्या दिवशी `+02:00` हवं होतं.

नकाशावर याचं रूप असं दिसलं. 25 तारखेला ल्यूसर्नच्या लाकडी कापेलब्रुक पुलावरचे फोटो सार्नेनच्या तळ्याकाठी पडले होते, म्हणजे इंटरलाकेनच्या गाडीच्या वाटेवर. गाडी सुटण्याच्या अर्ध्या तासापूर्वी काढलेले फोटो एक तास पुढे सरकले आणि चालत्या गाडीत जाऊन बसले. फोटो पुढच्या ठिकाणी पडत असतील आणि फरक बरोबर एक तासाचा असेल, तर संशय आधी उन्हाळी वेळेवर घ्या. बरोबर साडेपाच तासांचा असेल तर लंडनवर. अर्धा-एक मिनिटाचा असेल तर घड्याळच पुढे-मागे पळतंय. आणि बारा तासांचा असेल तर वेळ भरताना `AM` आणि `PM` उलटं झालंय.

सहलीच्या मध्येच, 26 ऑक्टोबरच्या पहाटे, युरोपात उन्हाळी वेळ संपली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे 3 वाजता घड्याळं मागे 2 वर येतात. फोन आपोआप बदलले, कॅमेरा नाही. त्यामुळे त्या दिवसापासून भावाच्या कॅमेऱ्यातली वेळ स्थानिक वेळेच्या एक तास पुढे गेली आणि फोनच्या फोटोंमध्ये मिसळल्यावर नाश्त्याचे फोटो डोंगरावरच्या फोटोंनंतर येऊ लागले. गमतीचा भाग असा की त्याच दिवसापासून `+01:00` हा झोन मात्र बरोबर ठरला.

दुरुस्ती म्हणून दोन ढीग केले. 25 तारखेपर्यंतच्या फोटोंची वेळ तशीच ठेवून फक्त झोन बदलला. 26 पासूनच्यांचा झोन ठेवून वेळ एक तास मागे घेतली:

```
exiftool -OffsetTimeOriginal=+02:00 bhau_22_25
exiftool "-AllDates-=1" bhau_26_29
```

वहिनींचा कॅमेरा खरं तर सोपा निघाला. तो पुढे-मागे किती पळतोय, तेवढंच शोधायचं होतं, आणि त्यांनी नकळत पुरावा आणला होता: ल्यूसर्न स्टेशनवरच्या घड्याळाचा फोटो. स्विस रेल्वेच्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पूर्ण करतो आणि पुढच्या मिनिटाचा इशारा येईपर्यंत वर थांबतो, त्यामुळे एक-दीड सेकंद इकडेतिकडे धरावं लागतं. फोटोतलं घड्याळ 10:02:20 दाखवत होतं, कॅमेऱ्याची नोंद 13:32:58 होती. साडेतीन तास हा त्या दिवशीचा भारताशी फरक. वरचे 38 सेकंद कॅमेरा पुढे.

38 सेकंदांनी काय होतं? पायी चालताना पन्नासेक मीटर. ताशी 100 किलोमीटरने धावणाऱ्या गाडीतून काढलेला फोटो मात्र किलोमीटरभर सरकतो, आणि तळं ओलांडून पलीकडच्या गावात जातो. म्हणून आधी लॉगशी जुळवलं, मग वेळ स्थानिक केली. जुळणी करणारा संगणक कोल्हापूरच्या वेळेवर होता आणि फोटोत झोन नव्हता, त्यामुळे वेगळा झोन सांगावा लागला नाही:

```
exiftool -geotag safar.gpx -geosync=-38 vahini
```

नंतर 26 च्या भारतीय सकाळी साडेसहापर्यंतचे फोटो 3:30 ने आणि त्यानंतरचे 4:30 ने मागे घेतले. घड्याळ बदलायचा तो क्षण भारतात साडेसहाचा होता. हे सगळं नेहमी प्रतींवर करा. एक्झिफटूल मूळ फाइल `_original` नावाने ठेवतो, तरी कार्डाची वेगळी प्रत असूद्या.

रोजचा एक फोटो

स्टेशनवरच्या घड्याळाची वाट बघू नका. रोज सकाळी सेकंद दाखवणाऱ्या फोनच्या घड्याळाचा प्रत्येक कॅमेऱ्याने एक फोटो काढा. कॅमेऱ्याचं घड्याळ महिनाभरात अर्धा-एक मिनिट हललं तर त्यात नवल नाही. बॅटरी बराच काळ काढून ठेवली तर काही कॅमेऱ्यांची तारीखच पुसली जाते, आणि तेव्हा हा फोटोच कामी येतो. कॅमेरा ब्लूटूथने फोनशी जोडून वेळ आपोआप घेत असाल तर ते सहलभर चालू तरी ठेवा किंवा सहलभर बंद तरी. मधेच बदल नको.

व्हिडिओंची वेळ आम्ही वेगळी तपासतो, कारण काही कॅमेरे त्यात यूटीसी लिहितात आणि काही स्थानिक वेळ.

आमच्याकडे काम देताना कार्डं किंवा त्यांच्या पूर्ण प्रती, लॉगच्या जीपीएक्स फाइली, आणि कुठला कॅमेरा कुणाचा व कुठल्या वेळेवर होता याची एक चिठ्ठी आणा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रांतून काढल्याची वेळ निघून जाते, त्यांची जुळणी आम्हाला करता येत नाही.