६० एमबीचे अ‍ॅप ३ जीबीचे कसे होते?

दुरुस्तीला फोन देताना अनेक ग्राहक विचारतात, "हे अ‍ॅप घेतलं तेव्हा ६० एमबीचं होतं, आता ३ जीबी दाखवतंय. व्हायरस तर नाही ना?" बहुतेक वेळा व्हायरस नसतो. पण मग ही जागा खाल्ली कुणी, हे तुम्हाला स्वतःच्या फोनवर पाहता यावे म्हणून हे पत्रक.

आधी तो ६० एमबीचा आकडा. स्टोअरवर दिसतो तो डाउनलोडचा आकार, म्हणजे दाबून बांधलेल्या गाठोड्याचा. फोनवर उतरल्यावर गाठोडे सुटते. शिवाय अ‍ॅप झटपट उघडावे म्हणून अँड्रॉइड त्यातला नेहमी वापरला जाणारा भाग फोन चार्जिंगला असताना आधीच तयार करून ठेवतो, त्यालाही जागा लागते. त्यामुळे ६० चे १५०-२०० एमबी होणे नवल नाही. अपडेटमुळे मात्र जुनी आवृत्ती साठत राहते हा गैरसमज आहे. तुम्ही स्वतः घेतलेल्या अ‍ॅपची नवी आवृत्ती जुनीची जागा घेते.

खरी वाढ होते ती वापरातून. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या माहितीत जाऊन स्टोरेज उघडा. तिथे `App size`, `User data` आणि `Cache` असे तीन आकडे दिसतील. फोनच्या कंपनीनुसार शब्द थोडे बदलतात.

मध्यंतरी आमच्याकडे आलेल्या एका फोनवर संदेशांचे एक अ‍ॅप ३.२ जीबी दाखवत होते. त्यात `App size` २१० एमबी, `User data` १.८ जीबी आणि `Cache` १.२ जीबी. फोनच्या मालकीणबाईंनी दोन वर्षांची जुनी संभाषणे पुसली होती, तरी आकडा जागचा हलला नव्हता. त्या वैतागल्या होत्या, आणि ते साहजिकच होते.

त्याची कारणे दोन. पहिले असे, की संभाषणे पुसताना त्यांनी फोटो-व्हिडिओ राहू दिले होते. ते वेगळ्या फाइलींमध्ये असतात आणि जागा मुख्यतः तेच घेतात. दुसरे कारण सहसा कुणी सांगत नाही. संदेशांचा मजकूर बहुतेक अ‍ॅप एका डेटाबेस फाइलीत ठेवतात. संदेश पुसला की त्या फाइलीतले पान कोरे होते, पण वहीतून फाडले जात नाही. पुढचे संदेश त्याच कोऱ्या पानांवर लिहिले जातात, त्यामुळे वही फुगायची थांबते, पण बारीक होत नाही. ती बारीक करायची तर अ‍ॅपला सगळा मजकूर नव्या फाइलीत उतरवून घ्यावा लागतो. त्या वेळी जुनी आणि नवी दोन्ही फाइली मावतील एवढी मोकळी जागा लागते, म्हणजे गच्च भरलेल्या फोनवर नेमके हेच काम अडते.

आम्ही आधी `Clear cache` दाबले. १.२ जीबी लगेच सुटले आणि एकही संदेश गेला नाही. कॅशेमध्ये पुन्हा मिळवता येतील अशाच प्रती असतात, जसे पाहिलेल्या चित्रांच्या किंवा प्रोफाइल फोटोंच्या. मग अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंग्जमधले स्टोरेजचे पान उघडले. तिथे मोठे व्हिडिओ आकारानुसार लावलेले होते. बाईंनी स्वतः पाहून १.१ जीबीचे पुसले. एकूण आकडा सुमारे ९०० एमबीवर आला.

दोन आठवड्यांनी कॅशे पुन्हा ३०० एमबी झाली होती. हे ठीक आहे. कॅशे रोज साफ करू नका, तीच चित्रे पुन्हा उतरवताना डेटा खर्च होतो आणि अ‍ॅप संथ वाटते. जागा फारच कमी पडली तर अँड्रॉइड स्वतःहून कॅशे काढतो.

कॅशे साफ करूनही आकडा उतरत नसेल, तर साठा `User data` मध्ये आहे. ऑफलाइन ठेवलेली गाणी, नकाशे, व्हिडिओ इथेच मोजले जातात. काही अ‍ॅप तात्पुरत्या फाइलीही चुकून इथेच टाकतात आणि त्या कॅशेच्या बटणाने जात नाहीत. मग शेजारच्या `Clear storage` कडे हात जातो. तिथे थांबा. ते बटण अ‍ॅपमधला तुमचा मजकूर, लॉगिन, सेटिंग्ज सगळे पुसते. अ‍ॅप काढून पुन्हा घेतल्यानेही हेच होते. बॅकअप आहे, आणि तो कोणत्या तारखेचा आहे, हे अ‍ॅपमध्ये पाहिल्याशिवाय यातले काहीही करू नका.

आयफोनवर हेच `iPhone Storage` मध्ये `App Size` आणि `Documents & Data` असे दोनच आकड्यांत दिसते. कॅशेचे वेगळे बटण तिथे नसते. `Offload App` केल्याने फक्त अ‍ॅप जाते, `Documents & Data` तसेच राहते. फुगलेला भाग तोच असेल, तर साफसफाई त्या अ‍ॅपच्या आत जाऊनच करावी लागते.