४४ ची दोन रूपं: ROMAN आणि BASE

अंबड एमआयडीसीत पॅनल बनवणाऱ्या एका वर्कशॉपची कागदपत्रं मी करतो. प्रत्येक पॅनलला क्रमांक असतो. फाइलमधल्या परिशिष्टावर तो रोमनमध्ये छापायचा आणि आतल्या कार्डावरच्या आठ बारीक स्विचांवर तोच क्रमांक पत्ता म्हणून बायनरीत लावायचा, अशी आमच्याकडची रीत. एक्सेलच्या शीटमध्ये A रकान्यात क्रमांक, शेजारी दोन सूत्रं:

```
=ROMAN(A2)
=BASE(A2,2,8)
```

A2 मध्ये ४४ असेल तर पहिलं `XLIV` देतं आणि दुसरं `00101100`. दोन्ही उत्तरं डावीकडे चिकटून बसतात, कारण दोन्ही मजकूर आहेत, आकडे नाहीत. घोळ इथूनच सुरू होतो, कारण `XLIV` मजकूर आहे हे बघताक्षणी कळतं. `00101100` मात्र आकड्याचा मुखवटा घालून बसलेला असतो.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका नव्या मुलाने पुढच्या पॅनलचा पत्ता काढायला BASE च्या रकान्यातच `=C2+1` लिहिलं. उत्तर आलं `101101`. पडताळून पाहिलं तर ४५ ची बायनरी खरोखरच ती! खूश होऊन त्याने सूत्र खाली ओढलं आणि ४६ साठी आलं `101102`.

"दादा, बायनरीत दोन कुठून आला?" तो विचारायला आला.

झालं असं की अधिकचं चिन्ह दिसताच एक्सेलने मजकुराचा आकडा केला: एक लाख एक हजार शंभर. त्यात एक मिळवला. मूळ मजकूर शून्यावर संपत होता, म्हणून पहिलं उत्तर योगायोगाने बरोबर आलं. खूण आधीच दिसत होती: पुढची दोन शून्यं गळाली होती आणि उत्तर सेलच्या उजव्या कडेला सरकलं होतं. हीच चूक त्याने रोमनच्या रकान्यात केली असती, तर `#VALUE!` आलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. मला म्हणूनच ROMAN भांडखोर पण प्रामाणिक वाटतं. BASE गप्प राहून फसवतं.

मिळवणी करायचीच असेल तर A मध्ये करावी आणि सूत्राला नवं रूप काढू द्यावं. हातात फक्त मजकूरच असेल तर आधी मागे यावं लागतं, आणि दोघांचे परतीचे रस्ते वेगळे आहेत:

```
=ARABIC(B2)
=DECIMAL(C2,2)
```

दोघांच्या कामाची रीतही वेगळी. रोमन रूप तुकडे जोडून बनतं: ४० साठी `XL`, ४ साठी `IV`. अक्षराची किंमत ठरलेली असते, फक्त मोठ्याच्या आधी छोटं आलं की ते वजा होतं. बायनरीत किंमत जागेवरून ठरते. ४४ ला दोनाने भागत गेलं की बाकी ०, ०, १, १, ०, १ अशी येते. ती खालून वर वाचली की `101100`, म्हणजे ३२ अधिक ८ अधिक ४. रोमनमध्ये शून्य नाहीच, त्यामुळे `=ROMAN(0)` नुसता रिकामा सेल देतं. BASE आठही शून्यं देतं, आणि शून्य पत्ता असलेल्या कार्डाला तीच हवी असतात.

मर्यादांचं म्हणाल तर ROMAN ३९९९ वर थांबतं, BASE त्याच्या कितीतरी पुढे जातं. जुनं `DEC2BIN` ५११ च्या वर हात टेकतं, म्हणून मी BASE च वापरतो.

एक गोष्ट मात्र जपावी. सूत्रातला शेवटचा ८ म्हणजे किमान लांबी. जास्तीत जास्त नाही. कुणी ३० ऐवजी ३०० टाइप केलं तर BASE तक्रार न करता नऊ अंक देतं: `100101100`. फिटरने डावीकडचा जादा १ सोडून उरलेले आठ लावले, तर लागतो तो ४४ च, आणि एकाच तारेवर एका पत्त्याची दोन कार्डं होतात. शेजारच्या सेलमध्ये `=LEN(C2)` ठेवलं की ८ ऐवजी ९ लगेच डोळ्यात येतो.

बऱ्याच कार्डांवर १ नंबरचा स्विच सगळ्यात कमी किमतीचा असतो, म्हणजे मजकूर उजवीकडून वाचत लावायचा. आणि शीट सीएसव्ही करून परत उघडली की `XLIV` तसंच येतं, `00101100` चं `101100` होतं. त्यामुळे वर्कशॉपमध्ये मी छापील कागदच पाठवतो.