कमी पगार म्हणजे कमी शिकवणं?

“कंत्राटी शिक्षकाला पगार तुटपुंजा, नोकरीची शाश्वती नाही. मग तो मन लावून कशाला शिकवेल? नुकसान मुलांचंच ना?”

आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमध्ये हे तपासलं गेलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा 100 शाळा निवडून प्रत्येकीला एक जादा कंत्राटी शिक्षक दिला. पगार कायम शिक्षकाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका. दोन वर्षांनंतर या शाळांतली मुलं इतर शाळांतल्या मुलांच्या पुढे होती. यातला काही फायदा वर्गातली गर्दी घटल्याचा, हे मान्य. पण कंत्राटी शिक्षक शिकवण्यात कायम शिक्षकांहून कमी ठरले नाहीत. त्यांची गैरहजेरी 18 टक्के होती, कायम शिक्षकांची 27.

इंडोनेशियात उलट बाजू दिसली. तिथे कायम शिक्षकांचं मूळ वेतन दुप्पट झालं, समाधान वाढलं, मुलांचे गुण मात्र हलले नाहीत.

म्हणून सगळेच कंत्राटी नेमावेत का? नाही. केनियात स्वयंसेवी संस्थेने नेमलेल्या कंत्राटी शिक्षकांमुळे निकाल सुधारले, सरकारने तीच योजना राबवल्यावर काहीच फरक पडला नाही. तिथे पगार रखडले, देखरेख ढिली पडली. शिवाय समान कामाला पाचवा हिस्सा देणं हा अन्यायच आहे. चांगले निकाल दाखवून तो झाकता येत नाही.